चाराचा आठ होतो तेव्हा

१. गोळ्या संपल्या, मग बोट का वाकलं?

नांदेड-लातूरकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत कुष्ठरोगाचं काम केलेल्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. "साहेब, बारा पाकिटं खाल्ली. वहीत शिक्का मारला. तुम्हीच म्हणलात, बरा झालास. मग आता करंगळी वाकडी कामून व्हायली?" प्रश्न रास्त आहे. बरं होणं म्हणजे काय, हे त्याला कुणी नीट उलगडून सांगितलेलं नसतं.

बहुविध औषधोपचाराच्या, म्हणजे एमडीटीच्या गोळ्या कुष्ठरोगाचे जंतू मारतात, आणि ते काम त्या चोख करतात. नसांना होणारी इजा मात्र बरीचशी शरीराच्याच प्रतिकारातून होते. मेलेल्या जंतूंचे अवशेषही शरीराला परके वाटतात. त्यांच्यावर तुटून पडताना ते ज्या नसेत दडलेले असतात ती नस सुजते आणि निकामी होऊ लागते. डॉक्टर याला 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. ती उपचार चालू असताना येते, आणि उपचार संपल्यावरही येऊ शकते.

म्हणून एका रुग्णाच्या आजारपणाच्या तीन कहाण्या एकाच वेळी चालू असतात: कातडीवरच्या चट्ट्यांची, नसांची आणि गोळ्यांची. तिन्ही आपापल्या चालीने पुढे जातात. चट्टा फिका पडायला कधी गोळ्या संपल्यानंतरही वर्ष-दोन वर्षं लागतात. नस काही आठवड्यांत बिघडते. गोळ्यांचा हिशेब २८ दिवसांच्या पाकिटांत चालतो. जुन्या दप्तरात या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात, पण बहुधा वेगवेगळ्या जागी: चट्टे आणि नसा रुग्णपत्रिकेवर, पाकिटं उपचार नोंदवहीत. त्या एका ओळीत आणून ठेवायच्या, म्हणजे रुग्णाचा खरा अभिलेख तयार होतो. हे प्रकरण त्या कामाविषयी आहे.

२. वह्या आल्या कुठून?

घरोघरी जाऊन माणसं तपासायची आणि सापडेल ते लिहून ठेवायचं, ही पद्धत महाराष्ट्राला वर्ध्याने दिली. १९५१ साली तिथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झालं. शोध, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची मांडणी प्रा. वर्देकर यांनी तिथेच केली. १९५५ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तोही याच वाटेने चालला. त्या काळी हातात एकच औषध होतं, डॅप्सोन, आणि तेही वर्षानुवर्षं घ्यावं लागे. १९८०च्या दशकात एमडीटी आली आणि उपचाराला शेवट आला. 'उपचारमुक्त' हा शब्द वहीत लिहिता येऊ लागला तो तेव्हापासून.

२००५च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरल्याचं जाहीर झालं. तोवर कुष्ठरोगाचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं होतं. आधी कुष्ठरोगासाठी नेमलेले अवैद्यकीय सहाय्यक गावोगाव फिरत. मग तीच नोंद केंद्रातल्या अनेक कामांपैकी एक झाली. परिणामी एकाच रुग्णाच्या पत्रिकेवर तीन-चार जणांचं अक्षर दिसतं, आणि प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा निराळी. कुणी मराठीत लिहितं, कुणी इंग्रजीत, बरेच जण एकाच ओळीत दोन्हींत. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात, देगलूर-बिलोलीच्या तेलंगण सीमेवर, उदगीर-निलंग्याच्या कर्नाटक सीमेवर नावांची वळणंही बदलतात. एकाच माणसाचं आडनाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी सापडतं.

३. चार की आठ?

मराठी ४ जरा घाईने लिहिला तर इंग्रजी आठासारखा दिसतो. मराठी १ इंग्रजी नवासारखा दिसतो. किराणा दुकानाच्या वहीत अशी चूक झाली तर चार रुपये इकडचे तिकडे होतील. कुष्ठरोगाच्या पत्रिकेवर ती झाली तर रुग्णाचा गटच बदलतो.

कारण गट चट्ट्यांच्या संख्येवरून ठरतो. पाचपर्यंत चट्टे असतील आणि फार तर एका नसेला बाधा असेल, तर तो अल्पजीवाणू, म्हणजे पीबी. सहा किंवा अधिक चट्टे, किंवा एकापेक्षा जास्त नसा बाधित, तर तो बहुजीवाणू, म्हणजे एमबी. पीबीला ६ पाकिटं, एमबीला १२. वहीत '४ चट्टे' लिहिलेलं असताना उतरवणाऱ्याने आठ वाचले, की सहा पाकिटं खाऊन रीतसर बरा झालेला माणूस नव्या नोंदीत 'उपचार अर्धवट सोडलेला' ठरतो.

मग खरं कसं ओळखायचं? नुसत्या आकड्याकडे टक लावून उपयोग नसतो. शेजारच्या रकान्यांना विचारायचं. मोठ्यांचं एमबीचं पाकीट लाल असतं आणि पीबीचं हिरवं असे, आणि पुष्कळ वह्यांत रंग लिहिलेला सापडतो. शेऱ्यात 'अंग काळं पडलं' असं लिहिलं असेल तर तो आणखी बोलका पुरावा. कातडी काळवंडते ती क्लोफॅझिमिन या औषधाने, आणि ते पूर्वी फक्त एमबीच्या पाकिटात असे. मात्र ही खूण जुन्या वह्यांपुरतीच धरावी, कारण आता पीबी रुग्णांनाही तिन्ही औषधं देण्याचं धोरण आलं आहे.

पानाची तारीख पाहिल्याशिवाय नियम लावायचा नाही, हे इथेच शिकायला मिळतं. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने एमबीचा उपचार २४ महिन्यांवरून १२ वर आणला. त्याआधीच्या वहीत चोवीस पाकिटं दिसली तर ती चूक नव्हे, तो त्या वेळचा नियम आहे. उलट त्या काळच्या वहीत बारावर थांबलेला रुग्ण खरोखरच अर्धवट सुटलेला असू शकतो.

४. चट्ट्यांचा नकाशा

पत्रिकेवर माणसाच्या दोन बाह्याकृती छापलेल्या असतात, एक पुढून आणि एक पाठीमागून. तपासणारा त्यांवर चट्टे काढतो. काम सोपं वाटतं, पण त्यात एक जुना घोळ आहे. समोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो. पुढून काढलेल्या आकृतीत रुग्णाची उजवी बाजू कागदाच्या डावीकडे येते, पाठीमागच्या आकृतीत ती कागदाच्या उजवीकडे जाते. घाईत लिहिणारा दोन्हींत एकच बाजू धरतो. भरीला 'उ' आणि 'डा' यांच्या शेजारी इंग्रजी आद्याक्षरंही असतात.

यावर साधा उपाय असा, की नकाशा पुन्हा चित्र म्हणून काढायचा नाही. प्रत्येक चट्ट्याला क्रमांक द्यायचा आणि जागा शब्दांत लिहायची: 'उजवा दंड, मागची बाजू, कोपराच्या चार बोटं वर, फिकट, बधिर'. मग हे वाक्य चित्राशी ताडायचं. पत्रिकेवर कुठेतरी 'उजव्या हाताला मुंग्या' अशी तक्रार लिहिलेली असेल आणि चित्रातला चट्टा डाव्या हातावर आला असेल, तर तिथे खूण करून ठेवायची. आपल्या मनाने बाजू बदलायची नाही.

जागेला इतकं महत्त्व का? मोठ्या नसेवरच चट्टा असेल तर त्या नसेला धोका जास्त असतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच ही अल्नर नस. तिच्यावरचा एक चट्टा पाठीवरच्या तीन चट्ट्यांपेक्षा जास्त काळजीचा. चेहऱ्यावरचा चट्टा लालबुंद होऊन सुजला तर डोळा मिटण्याच्या ताकदीवर लक्ष ठेवावं लागतं. 'चट्टे : ७' एवढंच उतरवलं तर ही सगळी माहिती हरवते.

५. पेनाचं टोक आणि करंगळी

नसांची तपासणी दोन भागांत होते. पहिला भाग संवेदनेचा. रुग्ण डोळे मिटतो, तपासणारा तळहातावर आणि तळपायावर ठरलेल्या बिंदूंवर बॉलपेनचं टोक हलकेच टेकवतो आणि रुग्णाने त्या जागेवर बोट ठेवायचं असतं. कळलं तर बरोबरची खूण, नाही कळलं तर फुली. दुसरा भाग ताकदीचा. डोळे घट्ट मिटा, करंगळी बाहेर न्या, अंगठा वर करा, मनगट उचला, पाऊल वर करा. प्रत्येक हालचालीमागे एक नस आहे, आणि तपासणारा उलट दाब देऊन ती किती टिकते ते पाहतो. ताकदवान, अशक्त की लुळं, हे तो इंग्रजीतल्या 'एस', 'डब्ल्यू' आणि 'पी' या अक्षरांनी लिहितो.

याच अक्षरांत अडचण आहे. ताकदीच्या तक्त्यात 'एस' म्हणजे चांगली ताकद, पण संवेदनेच्या चित्रात तेच अक्षर जुन्या जखमेच्या व्रणासाठी लिहिलेलं आढळतं. 'डब्ल्यू' एकीकडे अशक्तपणा, दुसरीकडे उघडी जखम. 'पी' तर लुळेपणासाठीही येतं आणि गटाच्या नावातही. म्हणून उतरवताना अक्षर एकटं उचलायचं नाही. ते कुठल्या तक्त्यात, कुठल्या रकान्यात आहे हेही सोबत लिहायचं.

आणि एकाच तारखेची तपासणी फारसं सांगत नाही. विजेच्या मीटरवर आज ४,५२० हा आकडा आहे, एवढ्याने बिल निघत नाही. मागच्या महिन्याचा आकडा वजा करावा लागतो. नसेचंही तसंच. गेल्या वेळी ताकद चांगली होती आणि आज अशक्त आहे, किंवा गेल्या वेळी कळणारे दोन बिंदू आज कळेनासे झाले, तर नस आत्ता बिघडते आहे. हा बिघाड सहा महिन्यांच्या आतला असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हळूहळू कमी करत काही आठवडे देतात, आणि पुष्कळ रुग्णांत गेलेली ताकद बरीच परत येते. जुना झाला की ती आशा फार कमी होते. म्हणजे अभिलेखातली सगळ्यांत मोलाची गोष्ट दोन तारखांमधला फरक आहे.

६. ऊसतोडीला गेलेला माणूस

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. माणूस कल्पित आहे, पण त्याच्यासारखी पानं या भागाला नवी नाहीत. मुखेड तालुक्यातला, चाळिशीचा, ऊसतोडीला जाणारा. चट्टे ७, त्यांतला एक उजव्या कोपराजवळ. गट एमबी.

उपचार नोंदवहीत नऊ तारखा आहेत. २०१७ सालच्या ५ जून, ३ जुलै, ३१ जुलै, २८ ऑगस्ट, २५ सप्टेंबर आणि २३ ऑक्टोबर. नंतर बरीच मोकळी जागा. मग २०१८ सालच्या ९ एप्रिल, ७ मे आणि ४ जून. शेवटी 'उपचारमुक्त' असा शिक्का.

नुसत्या तारखा मोजणारा म्हणेल, नऊच पाकिटं झाली, शिक्का खोटा. पण २३ ऑक्टोबरच्या चौकटीत बारीक अक्षरात '४ पा.' असं लिहिलेलं आहे. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते, टोळी कारखान्याकडे निघाली होती, आणि त्याला चार पाकिटं एकदम दिली गेली. बाहेरगावी जाणाऱ्या रुग्णाला अशी आगाऊ पाकिटं देता येतात. आता बेरीज करू. आधीची पाच, ही चार, नंतरची तीन. बरोबर बारा. हाच चार आठ वाचला असता तर बेरीज सोळा झाली असती, आणि एमबीच्या रुग्णाला सोळा पाकिटं कुणी देत नाही. वाचनातली चूक बेरजेने पकडली असती.

तारखांनाही एक पडताळा आहे. कॅलेंडर काढून पाहिलं तर या नऊही तारखा सोमवारच्या निघतात. केंद्राचा गोळ्यांचा वार सोमवार असणार. एखादी तारीख बुधवारची निघाली असती तर ती पुन्हा पानावर जाऊन वाचायला हवी होती.

पुढे मुदत पाहू. २३ ऑक्टोबरपासूनची चार पाकिटं ११२ दिवस पुरतात, म्हणजे ११ फेब्रुवारीपर्यंत. तो आला ९ एप्रिलला. मध्ये ५६ दिवस, म्हणजे दोन पाकिटांइतका खंड पडला. एमबीची बारा पाकिटं १८ महिन्यांच्या आत संपली तर उपचार पूर्ण धरतात. त्याची मुदत ५ डिसेंबर २०१८पर्यंत होती, आणि गोळ्या संपल्या जुलैच्या सुरुवातीला. शिक्का खरा आहे. फक्त अभिलेखात एक तपशील जास्तीचा लिहायचा. दर पाकिटाचा पहिला मोठा डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा असतो; इथे बारांपैकी नऊ समोर घेतले, तीन त्याने फडावर घेतले असं धरून चालायचं.

इथवर सगळं ठीक आहे. आता रुग्णपत्रिका उघडू, जी दुसऱ्या कपाटात होती. उजव्या करंगळीची ताकद जूनमध्ये चांगली. ऑगस्टमध्ये चांगली. २५ सप्टेंबरला अशक्त, आणि तळहाताच्या करंगळीकडच्या कडेला दोन फुल्या. २३ ऑक्टोबरच्या चौकटीत वरच्यासारखंच, या अर्थाच्या दोन तिरप्या रेघा. पुढची नोंद एप्रिलची: लुळी, आणि बोटं आत वळलेली.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की गोष्ट दिसते. २८ ऑगस्ट ते २५ सप्टेंबर या चार आठवड्यांत नस बिघडायला लागली होती. स्टेरॉइड द्यायची वेळ तीच होती. त्या पत्रिकेवर स्टेरॉइडची नोंद नाही. गडी चार पाकिटं घेऊन गेला, कोयता धरून हंगाम काढला आणि परतला तेव्हा बिघाडाला सहा महिने उलटून गेले होते. विकृतीच्या श्रेणीत सांगायचं तर सुरुवातीला दोन्ही डोळे, दोन्ही हात आणि दोन्ही पाय मिळून बेरीज शून्य होती. शेवटी उजव्या हाताची श्रेणी दोन, बाकी पाच जागा शून्य, बेरीज दोन. गोळ्यांची वही म्हणते पूर्ण बरा. नसांची पत्रिका म्हणते हात गेला. दोन्ही खरं लिहिलेलं आहे.

७. दोन रेघा आणि कोरा रकाना

त्या ऑक्टोबरच्या दोन तिरप्या रेघांचं काय करायचं? त्या दिवशी खरंच करंगळी दाबून पाहिली आणि ताकद तेवढीच निघाली, की गर्दीत न तपासता वरचं खाली ओढलं? कागदावरून सांगता येत नाही. म्हणून नव्या अभिलेखात तिथे 'अशक्त' असं लिहायचं नाही. 'रेघांची पुनरावृत्ती' असंच लिहायचं, म्हणजे पुढे वापरणारा त्याला किती वजन द्यायचं ते ठरवेल. सहा महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरकसपणात, सगळ्या 'चांगली' अशा दिसल्या तर त्याही बहुधा एका बैठकीत भरलेल्या असतात. हेही शेऱ्यात टिपावं.

कोऱ्या रकान्याचा मोह त्याहून मोठा. रिकामी चौकट दिसली की हात आपोआप 'सामान्य' लिहायला जातो. पण कोरं म्हणजे बहुधा तपासलं नाही, आणि न तपासलेला पाय चांगला धरला तर पुढच्या वर्षी निघालेला बधिरपणा 'नवा' ठरतो आणि जुनी इजा नव्याने उपचाराला लागते. उलट चूकही होते: खरोखर नवी इजा जुनी समजून सोडून दिली जाते. म्हणून तीन वेगळ्या खुणा लागतात: कोरं आहे, लिहिलं आहे पण वाचता येत नाही, आणि 'तपासलं नाही' असं वहीतच लिहिलं आहे. तिन्हींचा अर्थ वेगळा.

प्रत्यक्ष काम असं चालतं. प्रत्येक पानाचा उजेडात, वही सपाट ठेवून फोटो घ्यायचा, आणि फोटोच्या नावात वहीचा व पानाचा क्रमांक घालायचा. मग दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तेच पान उतरवायचं. दोन्ही प्रती जुळवल्या की फरक पडलेल्या चौकटी वर येतात, आणि तेवढ्याच मूळ पानावर पुन्हा पाहायच्या. एकाने उतरवून दुसऱ्याने 'तपासलं' म्हणण्यापेक्षा हे वेळखाऊ आहे, पण दुसऱ्याच्या आकड्याकडे पाहत वाचणाऱ्याला ४ मध्ये तोच आकडा दिसतो. जसं लिहिलं तसं एका रकान्यात आणि आपण लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात, हेही सोडायचं नाही.

नावांचा प्रश्न वेगळा आणि नाजूक. एका गावात एकाच नावाचे दोघे सापडतात. लग्नानंतर बाईचं नाव आणि गाव दोन्ही बदलतात, आणि ती सासरच्या केंद्रात नवी रुग्ण म्हणून नोंदली जाते. जुळवाजुळव करायला नाव लागतं. पण २०१९पर्यंत जोडीदाराला कुष्ठरोग असणं हे कायद्याने घटस्फोटाचं कारण होतं, तेव्हा असं नाव बाहेर फुटण्याची किंमत काय असू शकते हे सांगायला नको. म्हणून नाव-पत्त्याची यादी वेगळ्या कुलपात, आणि तपासण्यांचा अभिलेख फक्त क्रमांकावर.

सगळं करूनही काही चौकटी उलगडत नाहीतच. अशा वेळी एक साधन उरतं, ते म्हणजे लिहिणारा माणूस. सायकलवर किंवा एसटीने गावं पालथी घातलेले अवैद्यकीय सहाय्यक निवृत्त होऊन नांदेड-लातूरच्या कॉलन्यांत राहत असतात. नावं झाकून फक्त त्या चौकटीचा फोटो त्यांच्यासमोर धरावा. स्वतःचा ४ माणूस चुकत नाही, आणि दोन तिरप्या रेघा आपण कधी ओढत होतो, हे विश्वास बसला तर तेही सांगतो.